कॅनिझारो अभिक्रिया

कॅनिझारो अभिक्रिया ही कार्बनी रसायनशास्त्रातील एक अभिक्रिया आहे. ज्या अल्डिहाइडात अल्फा हायड्रोजन नसतो, अशा अल्डिहाइडावर तीव्र आम्लारीच्या संहत द्रावणाची क्रिया केली असता त्याच्या दर दोन रेणूंपैकी एका रेणूचे ऑक्सिडीकरण होऊन कार्बॉक्सिलिक आम्लाचा क्षार तयार होतो आणि दुसऱ्या रेणूचे क्षपण होऊन प्राथमिक अल्कोहोल तयार होते. बाहेरून कोणताही ऑक्सिडीकारक किंवा क्षपणक घालावा लागत नाही. अल्डिहाइडाचा एक रेणू दुसऱ्याचे क्षपण करतो आणि ते करताना स्वतः ऑक्सिडीकृत होतो. एकाच पदार्थाचे असे ऑक्सिडीकरण आणि क्षपण एकाच वेळी होणे यास डिस्प्रपोर्शनेशन म्हणतात.

बेंझाल्डिहाइड हे या अभिक्रियेचे सर्वांत परिचित उदाहरण होय. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता बारावीच्या रसायनशास्त्रात ही अभिक्रिया अभ्यासाला आहे. तिचे समीकरण पुढीलप्रमाणे लिहितात:

2 C₆H₅CHO + KOH → C₆H₅CH₂OH + C₆H₅COOK

अल्डिहाइड गटातील कार्बनाचा ऑक्सिडीकरण अंक पाहिला म्हणजे ही देवाणघेवाण नेमकी कळते. बेंझाल्डिहाइडात तो +१ असतो. बेंझोइक आम्लाच्या क्षारात तो +३ होतो आणि बेंझिल अल्कोहोलात −१ होतो. एका कार्बनाने दोन इलेक्ट्रॉन गमावले आणि दुसऱ्याने तेच दोन मिळवले. फॉर्माल्डिहाइडात हा अंक ० असतो. त्यापासून फॉर्मेट (+२) आणि मिथेनॉल (−२) मिळते.

शोध

या अभिक्रियेस इटालियन रसायनशास्त्रज्ञ स्तानिस्लाव कॅनिझारो (१८२६–१९१०) यांचे नाव देण्यात आले आहे. ते मूळचे सिसिलीतील पालेर्मोचे. १८४८ च्या सिसिलीतील उठावात त्यांनी भाग घेतला होता आणि उठाव फसल्यावर त्यांना फ्रान्समध्ये आश्रय घ्यावा लागला. पुढे इटलीत परतल्यावर अलेस्सांद्रिया येथील राष्ट्रीय महाविद्यालयात अध्यापन करीत असताना, १८५३ मध्ये, त्यांनी कडू बदामाच्या तेलापासून मिळणाऱ्या बेंझाल्डिहाइडावर पोटॅशची क्रिया केली आणि बेंझोइक आम्लाच्या क्षाराबरोबरच बेंझिल अल्कोहोल हा तोवर अपरिचित असलेला द्रव वेगळा काढला. बेंझोइक आम्ल मिळणे हे फारसे आश्चर्याचे नव्हते, कारण बेंझाल्डिहाइड नुसत्या हवेतही हळूहळू बेंझोइक आम्लात बदलते. महत्त्वाचे होते ते अल्कोहोल, कारण त्यावरून येथे ऑक्सिडीकरणाइतकेच क्षपणही घडते हे सिद्ध झाले.

कॅनिझारो यांची अधिक व्यापक कीर्ती मात्र वेगळ्याच कामामुळे आहे. अव्होगॅड्रोच्या गृहीतकाच्या आधारे अणुभार आणि रेणुभार यांतील गोंधळ त्यांनी १८५८ च्या एका पुस्तिकेत दूर केला आणि १८६० मध्ये कार्ल्सरूह येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्या विचाराचा पुरस्कार केला.

अल्फा हायड्रोजन नसण्याची अट

अल्डिहाइड गटाला लगटून असलेल्या कार्बनास अल्फा कार्बन आणि त्यावरील हायड्रोजनास अल्फा हायड्रोजन म्हणतात. शेजारच्या कार्बोनिल गटाच्या ओढीमुळे हा हायड्रोजन काहीसा आम्लधर्मी असतो आणि आम्लारी त्याला प्रोटॉनच्या रूपाने सहज काढून घेते. उरलेला कार्बनी ऋणायन दुसऱ्या अल्डिहाइड रेणूवर हल्ला करतो आणि अल्डॉल संघनन सुरू होते. ॲसिटाल्डिहाइडात सोडियम हायड्रॉक्साइडाचे द्रावण घातले की हेच घडते. प्रथम अल्डॉल तयार होते, मग त्यातून पाणी निघून जाते, आणि आम्लारी संहत असेल किंवा मिश्रण तापले तर शेवटी पिवळसर तांबडी, चिकट राळ उरते. कॅनिझारो अभिक्रियाही त्या मिश्रणात तत्त्वतः शक्य असते. पण अल्डॉलचा मार्ग इतका वेगवान असतो की तिला संधीच मिळत नाही.

म्हणूनच ही अट ‘अल्फा हायड्रोजन असल्यास कॅनिझारो अभिक्रिया अशक्य’ अशी नसून ‘अल्फा हायड्रोजन असल्यास दुसरी, अधिक वेगवान अभिक्रिया तिला मागे टाकते’ अशी समजावी. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पहिलेच विधान पाठ करून लिहिलेले आढळते, आणि त्यामुळे पुढे येणारे अपवाद गूढ वाटू लागतात. फॉर्माल्डिहाइडात अल्फा कार्बनच नाही. बेंझाल्डिहाइडात अल्फा कार्बन हा बेंझीन वलयाचाच भाग असून त्याच्यावर हायड्रोजन नाही. फर्फुराल आणि २,२-डायमिथिलप्रोपॅनाल यांचीही स्थिती अशीच आहे. या सर्वांत अल्डॉलचा मार्ग बंद असतो आणि संथ असलेली कॅनिझारो अभिक्रिया पुढे येते.

हायड्रोजन कोठून येतो

बेंझाल्डिहाइडाच्या CHO गटात एक हायड्रोजन आहे; बेंझिल अल्कोहोलाच्या CH₂OH गटात कार्बनावर दोन आहेत. हा दुसरा हायड्रोजन आला कोठून, हा या अभिक्रियेतील कळीचा प्रश्न आहे. तो भोवतालच्या पाण्यातून आला असेल, किंवा अल्डिहाइडाच्या दुसऱ्या रेणूतून थेट आला असेल.

या प्रश्नाचा निकाल जड पाण्याने लावला. साध्या पाण्याऐवजी D₂O वापरून अभिक्रिया घडवली, तर पाण्यातून आलेला प्रत्येक हायड्रोजन ड्युटेरियमच्या रूपाने ओळखता येतो. १९३० च्या दशकात हे प्रयोग झाले, तेव्हा मिळालेल्या अल्कोहोलाच्या कार्बनावर ड्युटेरियम आढळले नाही. ड्युटेरियम असते ते केवळ OH गटातील हायड्रोजनाच्या जागी, आणि तेथील हायड्रोजन साध्या पाण्याने धुताच पुन्हा बदलला जातो. उलट बाजूने पाहिले तरी हाच निष्कर्ष निघतो: अल्डिहाइड गटावरच ड्युटेरियम असलेले C₆H₅CDO साध्या पाण्यात घेतले, तर C₆H₅CD₂OH मिळते. म्हणजे कार्बनावरचा दुसरा हायड्रोजन पाण्याला न शिवता एका अल्डिहाइड रेणूतून दुसऱ्यात जातो.

तो नुसता प्रोटॉन म्हणून जात नाही, तर आपल्या बंधातील दोन्ही इलेक्ट्रॉन बरोबर घेऊन, म्हणजे हायड्राइडाच्या रूपाने जातो. मात्र हायड्राइड आयन द्रावणात क्षणभरही सुटा होत नाही, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. सुटा हायड्राइड आयन पाण्याला भेटताच हायड्रोजन वायू देतो. तसे झाले असते तर वायूचे बुडबुडे निघाले असते आणि क्षपण झालेच नसते. एका कार्बनाशी असलेला बंध तुटणे आणि दुसऱ्या कार्बनाशी नवा बंध जुळणे या दोन्ही गोष्टी येथे एकाच वेळी होतात.

आता संपूर्ण क्रम असा मांडता येतो. प्रथम हायड्रॉक्साइड आयन अल्डिहाइडाच्या कार्बोनिल कार्बनावर चढतो. या कार्बनाची रचना चतुष्फलकीय होते आणि त्याच्याशी आता एक OH, एक O⁻, एक हायड्रोजन आणि मूळचा गट जोडलेला असतो. ही पायरी जलद आणि उलटसुलट होणारी आहे. ऋण भार असलेल्या या ऑक्सिजनाला पुन्हा कार्बोनिल गट बनवायचा असतो; त्यासाठी कार्बनावरून काहीतरी बाहेर जावे लागते. OH⁻ बाहेर गेला तर मूळ अल्डिहाइडच परत मिळते. परंतु दुसरा अल्डिहाइड रेणू योग्य दिशेने जवळ आला, तर OH⁻ ऐवजी हायड्रोजन आपल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीसह त्या रेणूच्या कार्बोनिल कार्बनाकडे सरकतो. ही पायरी संथ असून संपूर्ण अभिक्रियेचा वेग तीच ठरवते. हायड्राइड देणारा रेणू कार्बॉक्सिलिक आम्ल बनतो आणि घेणारा अल्कॉक्साइड आयन बनतो. तीव्र आम्लारीत आम्ल आपला प्रोटॉन ताबडतोब गमावते. या कार्बॉक्सिलेट आयनाला हायड्राइड परत घेण्याची प्रवृत्ती उरत नाही, म्हणून अभिक्रिया मागे फिरत नाही. अल्कॉक्साइडाला पाण्यातून प्रोटॉन मिळून अल्कोहोल तयार होते.

वेगाचे मापनही या चित्राशी जुळते. बेंझाल्डिहाइडाची संहती दुप्पट केल्यास वेग सुमारे चौपट होतो, कारण संथ पायरीत त्याचे दोन रेणू गुंतलेले असतात. हायड्रॉक्साइडाची संहती दुप्पट केल्यास वेग दुप्पट होतो. फॉर्माल्डिहाइड व फर्फुराल यांच्या बाबतीत आम्लारी फार संहत असेल तर वेग हायड्रॉक्साइडाच्या संहतीच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढतो. त्याचे कारण असे की, चतुष्फलकीय ऋणायनाच्या OH गटावरचा प्रोटॉनही निघून जातो आणि दोन ऋण भार असलेला आयन तयार होतो. दुहेरी भारामुळे हा आयन हायड्राइड अधिकच उत्सुकतेने सोडतो. अभिक्रियेला विरल द्रावण पुरत नाही, सुमारे ५० टक्क्यांचे द्रावण का लागते, याचे उत्तर येथेच आहे.

प्रयोगशाळेतील कृती

०.२ मोल, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम (२० मिलिलिटर) बेंझाल्डिहाइड घेतल्यास समीकरणानुसार जास्तीत जास्त १०.८ ग्रॅम बेंझिल अल्कोहोल आणि १२.२ ग्रॅम बेंझोइक आम्ल मिळू शकते. सुमारे २० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड तितक्याच पाण्यात विरघळवून द्रावण थंड करतात. विरघळताना ते बरेच तापते व त्वचेस आणि डोळ्यांस अत्यंत घातक असते, म्हणून चष्मा आणि हातमोजे आवश्यक आहेत. थंड द्रावणात बेंझाल्डिहाइड घालून रबरी बूच घट्ट बसवतात. काचेचे बूच आम्लारीमुळे चिकटून बसते. बेंझाल्डिहाइड पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे दोन्ही थर एकमेकांत मिसळून दाट, दुधाळ मिश्रण होईपर्यंत ते जोराने हलवावे लागते. मग ते २४ तास तसेच ठेवतात. दुसऱ्या दिवशी चंबूत पोटॅशियम बेंझोएटाचा पांढरा, घट्ट लगदा दिसतो आणि कडू बदामाचा वास जवळपास गेलेला असतो. तो वास टिकून असेल तर अभिक्रिया अपुरी राहिली असे समजावे, आणि याचे कारण बहुधा अपुरे हलवणे हेच असते.

यानंतर क्षार विरघळेल इतकेच पाणी घालतात आणि विलगन नरसाळ्यात ईथरने अल्कोहोल काढून घेतात. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आम्ल घालण्यापूर्वीच अल्कोहोल वेगळे करावे लागते, कारण बेंझोएट हा आयन असल्यामुळे पाण्यातच राहतो. पण आम्ल घालून त्याचे बेंझोइक आम्ल केले की तेही ईथरमध्ये उतरते आणि दोन्ही उत्पादिते पुन्हा एकत्र येतात. ईथरचा थर सोडियम बायसल्फाइटच्या द्रावणाने धुतल्यास उरलेसुरले बेंझाल्डिहाइड निघून जाते. ईथर ज्वालाग्राही असल्यामुळे जवळपास उघडी ज्योत असता कामा नये; ते पाण्याच्या उष्ण बाथवर उडवून लावतात आणि मग ऊर्ध्वपातन करतात. बेंझिल अल्कोहोल सुमारे २०५ अंश सेल्सियसला मिळते, तर बेंझाल्डिहाइडाचा उत्कलनांक १७९ अंश असल्याने दोहोंतील फरक स्पष्ट कळतो. पाण्याच्या थरात हायड्रोक्लोरिक आम्ल घालताच बेंझोइक आम्लाचा पांढरा साका पडतो. गरम पाण्यातून पुन्हा स्फटिक केल्यावर त्याचा द्रवणांक १२२ अंश असतो.

दोन्ही उत्पादिते मोलच्या हिशेबात सारखी मिळाली पाहिजेत. प्रत्यक्षात आम्ल पुष्कळ जास्त आणि अल्कोहोल कमी मिळाले, तर बहुधा बेंझाल्डिहाइडाची बाटली जुनी असते. हवेतील ऑक्सिजनामुळे त्यातील काही भाग आधीच बेंझोइक आम्ल झालेला असतो, आणि बाटलीच्या तोंडाशी किंवा तळाशी पांढरे स्फटिक दिसणे ही त्याची खूण आहे. म्हणून प्रयोगापूर्वी बेंझाल्डिहाइड सोड्याच्या द्रावणाने धुऊन ताजे ऊर्ध्वपातित करून घेतात. पाणी फार कमी पडल्यास आणखी एक दोष संभवतो: बेंझिल बेंझोएट हे एस्टर मिश्रणात राहून जाते.

हीच कृती फर्फुरालवर करता येते. फर्फुराल उसाचा चोथा किंवा मक्याची कणसे यांसारख्या पेंटोझानयुक्त शेतमालाच्या अवशेषांपासून, ते विरल आम्लात तापवून मिळते. धाराशिव-सोलापूर भागातील साखर कारखान्यांत सामान्यतः इंधन म्हणून जाळला जाणारा चोथा हा रसायनशास्त्राच्या दृष्टीने अशा प्रकारे एका अल्फा हायड्रोजनरहित अल्डिहाइडाचा कच्चा माल आहे. त्यापासून फर्फुरिल अल्कोहोल आणि फ्युरोइक आम्ल मिळते. मात्र येथे मिश्रण बर्फात थंड ठेवावे लागते, आणि अल्कोहोल काढून घेण्यापूर्वी आम्ल घालणे ही चूक बेंझाल्डिहाइडाच्या तुलनेत अधिक महागात पडते, कारण आम्लात फर्फुरिल अल्कोहोलाची काळी राळ होते.

फॉर्माल्डिहाइडासह मिश्र कॅनिझारो अभिक्रिया

साध्या कॅनिझारो अभिक्रियेचा दोष उघड आहे. हवे असलेले अल्कोहोल निम्मेच मिळते. निम्मे अल्डिहाइड आम्लात जाते. अल्डिहाइड महाग असेल तर हा तोटा परवडत नाही. यावरचा उपाय म्हणजे अभिक्रियेत दुसरे एखादे स्वस्त अल्डिहाइड असे घालणे की ऑक्सिडीकरणाची बाजू तेच उचलेल. दोन वेगळी अल्डिहाइडे वापरलेल्या या प्रकारास मिश्र किंवा संकर कॅनिझारो अभिक्रिया म्हणतात. कोणतीही दोन अल्डिहाइडे घेतली तर दोन आम्ले आणि दोन अल्कोहोले अशी चार उत्पादिते होण्याची शक्यता असते. फॉर्माल्डिहाइड घेतल्यास मात्र जवळजवळ सर्व ऑक्सिडीकरण त्याचेच होते आणि दुसऱ्या अल्डिहाइडाचे पूर्ण क्षपण होते:

ArCHO + HCHO + KOH → ArCH₂OH + HCOOK

फॉर्माल्डिहाइडच नेहमी ऑक्सिडीकृत का होते, हे वरील यंत्रणेवरून कळते. हायड्राइड देणारा रेणू तोच असू शकतो ज्याच्यावर आधी हायड्रॉक्साइड चढला आहे. फॉर्माल्डिहाइडाच्या कार्बनावर दोन्ही बाजूंना केवळ हायड्रोजन असल्याने हायड्रॉक्साइडाला कसलीही अडचण नसते. पाण्यात फॉर्माल्डिहाइड जवळजवळ संपूर्णपणे जलयोजित, म्हणजे CH₂(OH)₂ या रूपात असते, तर बेंझाल्डिहाइडाचा जेमतेम एक टक्का भाग त्या रूपात असतो; त्याचा कार्बोनिल गट बेंझीन वलयामुळे स्थिर झालेला असतो आणि तो सहजासहजी ही स्थिरता सोडत नाही. म्हणून मिश्रणात हायड्राइड देण्यास सज्ज असलेले बहुतेक सर्व आयन फॉर्माल्डिहाइडाचे असतात आणि हायड्राइड घेण्यास मोकळा असलेला कार्बोनिल गट बहुतांशी दुसऱ्या अल्डिहाइडाचा असतो. शिवाय फॉर्माल्डिहाइडापासून झालेल्या आयनात कार्बनावर दोन हायड्रोजन असतात, त्यांपैकी कोणताही जाऊ शकतो.

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ डेव्हिडसन आणि बोगर्ट यांनी १९३५ मध्ये सुगंधी अल्डिहाइडांपासून अल्कोहोले मिळवण्यासाठी ही पद्धत व्यवस्थित मांडली. अ‍ॅनिसाल्डिहाइडाचे उदाहरण घेतल्यास तिचा लाभ आकड्यांतच दिसतो. १३.६ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल, अ‍ॅनिसाल्डिहाइडावर एकट्यानेच कॅनिझारो अभिक्रिया केल्यास जास्तीत जास्त ६.९ ग्रॅम अ‍ॅनिसिल अल्कोहोल मिळू शकते आणि उरलेल्याचे ७.६ ग्रॅम अ‍ॅनिसिक आम्ल होते. फॉर्माल्डिहाइड घातल्यास ही कमाल मर्यादा थेट १३.८ ग्रॅमवर जाते. त्यासाठी ०.१ मोल, म्हणजे ३ ग्रॅम फॉर्माल्डिहाइड पुरे. बाजारात मिळणारे फॉर्मॅलिन सुमारे ३७ टक्क्यांचे असल्याने ते ८.१ ग्रॅम घ्यावे लागेल. परंतु प्रत्यक्षात सुमारे एकतृतीयांश जास्त, म्हणजे १०.५ ते ११ ग्रॅम घेतात, कारण फॉर्माल्डिहाइडाचा काही भाग स्वतःशीच अभिक्रिया करून मिथेनॉल व फॉर्मेट होण्यात खर्ची पडतो. दोन्ही अल्डिहाइडे एकाच थरात राहावीत म्हणून मिथेनॉल द्रावक म्हणून वापरतात. अभिक्रियेत उष्णता निघते, म्हणून दोन्ही अल्डिहाइडे आम्लारीत हळूहळू सोडतात. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना झोंबणारी व विषारी असल्याने हे काम वायुनिष्कासन असलेल्या कपाटातच करतात.

फॉर्माल्डिहाइडाने आपले काम पूर्ण केले की नाही, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. अल्कोहोल काढून घेतल्यावर पाण्याच्या थरात आम्ल घालावे. फॉर्मिक आम्ल पाण्यात पूर्ण विरघळते, म्हणून अभिक्रिया योग्य झाली असल्यास द्रावण स्वच्छ राहते. पांढरा साका पडला आणि त्याचा द्रवणांक १८४ अंशांच्या आसपास आला, तर ते अ‍ॅनिसिक आम्ल होय. म्हणजे फॉर्माल्डिहाइड कमी पडले, किंवा ते उशिरा घातल्यामुळे अ‍ॅनिसाल्डिहाइड तोवर स्वतःशीच अभिक्रिया करीत राहिले.

१९४० च्या दशकात लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड आणि त्यानंतर सोडियम बोरोहायड्राइड ही क्षपणके आली. त्यांच्यामुळे अल्डिहाइडाचे क्षपण सौम्य परिस्थितीत आणि काही मिनिटांत होऊ लागले, आणि प्रयोगशाळेत मिश्र कॅनिझारो अभिक्रियेचा वापर मागे पडला. कारखान्यांत मात्र ती टिकून आहे, कारण फॉर्माल्डिहाइड हा हायड्राइडाचा अतिशय स्वस्त पुरवठादार आहे.

पेंटाएरिथ्रिटॉल

मिश्र कॅनिझारो अभिक्रियेचा सर्वांत मोठा औद्योगिक उपयोग पेंटाएरिथ्रिटॉलच्या निर्मितीत होतो. मधल्या एका कार्बनाभोवती चार CH₂OH गट असलेले हे पांढरे, स्फटिकी संयुग आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बर्नहार्ड टोलेन्स आणि पी. व्हिगँड यांनी १८९१ मध्ये ॲसिटाल्डिहाइड, फॉर्माल्डिहाइड आणि आम्लारी यांपासून त्याच्या निर्मितीचे वर्णन केले.

ॲसिटाल्डिहाइडात तीन अल्फा हायड्रोजन असतात, तेव्हा येथे कॅनिझारो अभिक्रिया कशी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. या प्रक्रियेत अल्डॉल आणि कॅनिझारो एकामागून एक येतात. आम्लारीच्या साहाय्याने ॲसिटाल्डिहाइडाचा एक एक अल्फा हायड्रोजन जाऊन त्या जागी फॉर्माल्डिहाइडाचा CH₂OH गट बसतो. तीन वेळा असे झाले की (HOCH₂)₃C–CHO हे अल्डिहाइड तयार होते. आता त्यात अल्फा हायड्रोजन उरलेला नसतो, म्हणून अल्डॉलचा मार्ग बंद होतो, आणि चौथा फॉर्माल्डिहाइड रेणू त्याला हायड्राइड देऊन उरलेल्या CHO गटाचे CH₂OH करतो:

CH₃CHO + 4 HCHO + NaOH → C(CH₂OH)₄ + HCOONa

म्हणजे पहिले तीन फॉर्माल्डिहाइड रेणू उत्पादिताच्या सांगाड्यात जातात आणि चौथा केवळ हायड्राइड देऊन फॉर्मेट होतो. वजनाच्या हिशेबात ४४ भाग ॲसिटाल्डिहाइड, १२० भाग फॉर्माल्डिहाइड आणि ४० भाग सोडियम हायड्रॉक्साइड यांपासून १३६ भाग पेंटाएरिथ्रिटॉल व ६८ भाग सोडियम फॉर्मेट मिळते. दर टन उत्पादनामागे अर्धा टन सोडियम फॉर्मेट हाताशी येते. त्याला चर्मोद्योगात आणि सोडियम हायड्रोसल्फाइटच्या निर्मितीत मागणी असते. ते विकले न गेल्यास कारखान्याचा हिशेब बिघडतो.

दोन अभिक्रियांची गती सारखी नसल्यामुळे तापमान सांभाळणे हा या प्रक्रियेचा गाभा आहे. अल्डॉलच्या पायऱ्या थंडपणे आणि जलद होतात, तर शेवटची कॅनिझारो पायरी संथ असून तिला अधिक उष्णता लागते. सुरुवातीलाच मिश्रण तापू दिले तर ॲसिटाल्डिहाइडाचे रेणू एकमेकांशीच अल्डॉल करू लागतात. ते टाळण्यासाठी ॲसिटाल्डिहाइड फॉर्माल्डिहाइडाच्या द्रावणात हळूहळू सोडतात आणि फॉर्माल्डिहाइड नेहमी हिशेबापेक्षा जास्त ठेवतात. ते कमी पडले तर दोन रेणू ईथर बंधाने जोडलेले डायपेंटाएरिथ्रिटॉल वाढते. आम्लारी म्हणून चुन्याची निवळी किंवा दुधाळ चुना वापरल्यास आणखी एक धोका असतो: कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि उष्णता यांच्या प्रभावाने फॉर्माल्डिहाइडाचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन शर्करांचे मिश्रण तयार होते. फॉर्मोज अभिक्रिया या नावाने ती ओळखली जाते. द्रावण पिवळे, मग तपकिरी होऊ लागले आणि जळक्या साखरेचा वास आला, तर तापमान हाताबाहेर गेले आहे असे समजावे. अशा पाकातून स्वच्छ स्फटिक मिळवणे फार कष्टाचे असते.

भारतात पेंटाएरिथ्रिटॉलचे उत्पादन प्रामुख्याने रंगोद्योगाच्या गरजेतून वाढले. तेलरंगांत वापरल्या जाणाऱ्या अल्किड रेझिनांचा तो एक घटक आहे. चार हात असलेल्या या रेणूमुळे रेझिनाचे जाळे घट्ट होते आणि रंगाचा थर लवकर व कठीण वाळतो. मुंबईत १९४२ मध्ये सुरू झालेल्या एशियन पेंट्स या कंपनीने तमिळनाडूतील कडलूर येथे त्याचे उत्पादन केले, तर गुजरातेतील अंकलेश्वर येथे कनोरिया केमिकल्स ही कंपनी ते तयार करते. पेंटाएरिथ्रिटॉलचे नायट्रेट हे पीईटीएन नावाचे शक्तिशाली स्फोटक आहे. याच धर्तीवर ब्युटिराल्डिहाइडापासून ट्रायमिथिलॉलप्रोपेन आणि आयसोब्युटिराल्डिहाइडापासून निओपेंटिल ग्लायकॉल तयार करता येते.

अपवाद आणि मर्यादा

अल्फा हायड्रोजन नसलेले प्रत्येक अल्डिहाइड कॅनिझारो अभिक्रिया देतेच असे नाही. क्लोराल, म्हणजे CCl₃CHO, यात अल्फा हायड्रोजन नाही. तरीही आम्लारीत त्याचा कार्बन–कार्बन बंधच तुटतो आणि क्लोरोफॉर्म व फॉर्मेट मिळते. हायड्रॉक्साइड चढल्यावर बाहेर जाण्यासाठी येथे हायड्राइडापेक्षा सोयीचा CCl₃⁻ हा गट उपलब्ध असतो, एवढाच याचा अर्थ.

ऑर्थो आणि पॅरा हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाइडे साध्या परिस्थितीत ही अभिक्रिया देत नाहीत. व्हॅनिलिनही याच गटातले आहे. आम्लारीत त्यांच्या फिनॉल गटाचा प्रोटॉन निघून जातो, ऋण भार वलयातून कार्बोनिल गटापर्यंत पसरतो, आणि ऋण भार असलेल्या या रेणूकडे हायड्रॉक्साइड फिरकत नाही. वलयावर पॅरा स्थानी डायमिथिलअमिनो गट असल्यासही अभिक्रिया अत्यंत मंदावते. याउलट नायट्रो गट कार्बोनिल कार्बनावरील इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे पॅरा-नायट्रोबेंझाल्डिहाइड बेंझाल्डिहाइडापेक्षा अधिक वेगाने अभिक्रिया देते.

दुसऱ्या बाजूस, एकच अल्फा हायड्रोजन असलेले २-मिथिलप्रोपॅनाल संहत आम्लारीत तापवल्यास कॅनिझारो उत्पादिते देऊ शकते. त्याच्या अल्डॉलातून पाणी निघून जाण्यास आवश्यक असा हायड्रोजन उरत नाही, त्यामुळे अल्डॉल मूळ अल्डिहाइडात परत फिरत राहते. कॅनिझारो अभिक्रिया मात्र परत फिरत नाही, म्हणून अखेरीस सर्व साहित्य हळूहळू तिच्याच मार्गाला लागते.

एकाच रेणूत दोन अल्डिहाइड गट शेजारी असल्यास हायड्राइडाला दुसऱ्या रेणूची गरजच उरत नाही. ग्लायॉक्झाल आम्लारीत ग्लायकोलेट देते, ते याच अंतर्गत स्थानांतरामुळे. सजीवांच्या पेशींत मिथिलग्लायॉक्झालपासून लॅक्टेट तयार होते, ही क्रिया वरवर पाहता हुबेहूब तशीच वाटते आणि पूर्वी तिला अंतर्गत कॅनिझारो अभिक्रियेचेच उदाहरण समजत असत. तेथे ग्लायॉक्झालेज या विकरामुळे हायड्रोजन हायड्राइड म्हणून नव्हे, तर ईनडायॉल या मधल्या टप्प्यातून प्रोटॉन म्हणून सरकतो, असे पुढील अभ्यासातून दिसून आले.